अंबडचें शिवार आणि राज्यघटनेचीं दोन प्रकरणें

भारताच्या राज्यघटनेंत तिसरें प्रकरण मूलभूत हक्कांचें व चौथें मार्गदर्शक तत्त्वांचें आहे. हीं दोन प्रकरणें परस्परांशीं कशीं भांडलीं व पुढें न्यायालयांनीं त्यांचा मेळ कसा घातला, हा विषय बहुधा दिल्लींतील मोठमोठ्या खटल्यांच्या अनुषंगानें मांडला जातो. प्रस्तुत लेखांत तो निराळ्या बाजूनें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. जालना जिल्ह्यांतील अंबड हा तालुका डोळ्यांपुढें ठेवून, तेथील शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर या वादाचा परिणाम कोणत्या वाटेनें येऊन पोंचला, याचा मागोवा घ्यावयाचा आहे. ज्या खटल्यांनीं हा मेळ महाराष्ट्रापुरता ठरविला, ते खटले जमिनीच्या कमाल मर्यादेचे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘सीलिंग’चे होते, आणि तो कायदा अंबडच्या जिरायत शिवारास जसा लागू होता, तसाच विदर्भाच्या कपाशीच्या रानासही लागू होता.

मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळें प्रसिद्ध असलेलें हें गांव एके काळीं होळकरांच्या ताब्यांत होतें. इ. स. १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं दक्षिणेंतील आपल्या मुलुखावरील हक्क सोडला, त्यांत अंबडचें नांव आहे. त्यानंतर हा प्रदेश निजामाच्या राज्यांत राहिला. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा जिल्हा वेगळा होऊन अंबड त्यांत आलें. एवढ्या राजवटी पाहिलेल्या गांवांत जमीन कोणाची, हा प्रश्न दर वेळीं नव्यानें विचारला गेला. १९५० नंतर त्याचें उत्तर देण्याचा अधिकार एका लिखित घटनेकडे आला, हाच पूर्वींच्या काळांतील व या काळांतील मुख्य भेद होय.

आतां घटनेचा मूळ मजकूर पाहूं. तिसऱ्या प्रकरणांतील हक्क भंग पावल्यास नागरिकानें न्यायालयांत जावें व न्यायालयानें तो कायदा रद्द ठरवावा, अशी तजवीज तेराव्या व बत्तिसाव्या अनुच्छेदांत आहे. चौथ्या प्रकरणाची गोष्ट निराळी. त्यांतील सदतिसावा अनुच्छेद एकाच वाक्यांत दोन गोष्टी सांगतो: हीं तत्त्वें कोणत्याही न्यायालयामार्फत अंमलांत आणतां येणार नाहींत, तरीही तीं देशाच्या शासनव्यवहारांत मूलभूत आहेत व कायदे करतांना तीं लागू करणें हें राज्याचें कर्तव्य आहे. या तत्त्वांपैकीं एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाचे ‘ख’ व ‘ग’ हे खंड आमच्या विषयाशीं निगडित आहेत. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उत्तम प्रकारें उपकारक होईल अशा रीतीनें विभागलें जावें, आणि संपत्तीचा संचय सर्वांना अपायकारक होईल अशा रीतीनें होऊं नये, असा त्यांचा आशय आहे. उलट पक्षीं, त्या वेळच्या तिसऱ्या प्रकरणांत मालमत्ता धारण करण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदांत होता, व भरपाईवांचून ती न घेतली जाण्याचा हक्क एकतिसाव्यांत होता. म्हणजे एका हातानें जमीन वांटावयास सांगितलें आणि दुसऱ्या हातानें जमीनदारास तक्रारीची जागा दिली. ही विसंगति घटनाकारांच्या ध्यानांत आली नव्हती असें मात्र नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९४७ सालीं सादर केलेल्या आपल्या निवेदनांत शेतीविषयक आर्थिक रचना घटनेच्या कायद्यांतच बसवावी असें सुचविलें होतें. तें मान्य न होतां आर्थिक आशय मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला गेला. पुढील तीस वर्षांचा वाद या तडजोडींतून जन्मला.

घटना अंमलांत येऊन वर्ष सव्वा वर्ष होतें न होतें तोंच पहिली टक्कर झाली. ९ एप्रिल १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासच्या चंपकम् दोराईराजन यांच्या खटल्यांत निकाल दिला कीं, मार्गदर्शक तत्त्वांनीं मूलभूत हक्कांच्या खालीं राहून, त्यांस पूरक म्हणूनच चाललें पाहिजे. हा खटला महाविद्यालयांतील जागांच्या वांटणीचा होता, जमिनीचा नव्हे; तथापि त्यांतील नियम जमिनीलाही लागू पडणार हें उघड होतें. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयानें त्याच सुमारास रद्द ठरविला होता. तेव्हां १८ जून १९५१ रोजीं पहिली घटनादुरुस्ती झाली. तिनें ‘३१ क’ व ‘३१ ख’ असे दोन नवे अनुच्छेद घातले व नववी अनुसूची जोडली. पहिल्या अनुच्छेदानें, जमीनसुधारणेचा कायदा समतेच्या अथवा मालमत्तेच्या हक्काच्या कारणावरून रद्द होणार नाहीं असें ठरलें. दुसऱ्यानें, अनुसूचींत नांव असलेला कायदा कोणत्याही मूलभूत हक्काच्या कारणावरून रद्द होणार नाहीं असें ठरलें.

त्या पहिल्या अनुसूचींत अवघे तेरा कायदे होते, आणि ती यादी मराठी इतिहासाच्या अभ्यासकानें एकदां तरी वाचून पाहण्याजोगी आहे. तिच्यांत मुंबई राज्याचे सहा कायदे असून त्यांत १९४८ चा कूळकायदा, खोती रद्द करणारा कायदा व परगणे आणि कुलकर्णी वतनें रद्द करणारा कायदा हे आहेत. यादीच्या शेवटीं हैदराबादचे दोन विनियम आहेत. एक १३५८ फसलीचा, जहागिरी रद्द करणारा, व दुसरा १३५९ फसलीचा, जहागीरदारांस द्यावयाच्या रकमेविषयींचा. ज्यांच्या सनदा व यादी आम्हीं संशोधक धुंडाळीत बसतों, तीं वतनें व जहागिरी अशा रीतीनें घटनेच्या एका अनुसूचींत शेवटच्या ओळी होऊन बसल्या. अंबडच्या बाजूस जहागिरी गेल्या त्या या विनियमांनीं, आणि कुळांस संरक्षण मिळालें तें हैदराबादच्या १९५० च्या कूळकायद्यानें.

न्यायालयानें या काळांत मार्गदर्शक तत्त्वांकडे केवळ पाठ फिरविली होती असा समज प्रचलित आहे. तो पुरता खरा नव्हे. १९५२ सालीं बिहारच्या महाराजा कामेश्वरसिंग यांच्या खटल्यांत, जमीनदारी काढून घेण्यांत ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे कीं नाहीं हा प्रश्न आला, तेव्हां न्यायाधीशांनीं एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाचाच आधार घेतला. जें राज्यानें करावें असें घटना स्वतः सांगते, तें सार्वजनिक प्रयोजन नव्हे असें न्यायालय कसें म्हणणार, असा त्या विचाराचा ओघ होता. मेळ घालण्याची ही पहिली रीत होय. तत्त्वास हक्कावर स्वारी करूं न देतां, हक्काच्या मर्यादेचा अर्थ लावतांना तत्त्वाची साक्ष काढावयाची. पुढें १९५८ सालीं केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देतांना सरन्यायाधीश दास यांनीं या रीतीस नांव दिलें. न्यायालयानें मार्गदर्शक तत्त्वांकडे सर्वस्वी दुर्लक्ष करूं नये, तर सुसंवादी अर्थान्वय करून दोहोंस शक्य तितका परिणाम द्यावा, असें त्यांनीं म्हटलें. तथापि खरोखरीच विरोध आला तर हक्कच वरचढ, हा १९५१ चा नियम तसाच राहिला.

आतां आपण महाराष्ट्राच्या कायद्याकडे वळूं. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलांत आला व १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनें नवव्या अनुसूचींत गेला. त्या कायद्याची मर्यादा बरीच सैल होती. ती १९७५ च्या २१ व्या व ४७ व्या आणि १९७६ च्या दुसऱ्या अधिनियमांनीं खालीं आणण्यांत आली व २ ऑक्टोबर १९७५ पासून नवी मर्यादा लागू झाली. बारमाही पाण्याच्या जमिनीस १८ एकर, खात्रीच्या पाण्यावर एकच पीक निघेल अशा जमिनीस २७ एकर, बेभरंवशाच्या हंगामी पाण्याच्या जमिनीस ३६ एकर, व कोरड्या जिरायतीस ५४ एकर, असें तें प्रमाण होतें. एकाच घरांत निरनिराळ्या प्रतीची जमीन असल्यास बारमाही एक एकर म्हणजे जिरायत तीन एकर असें गणित करून सर्व एका मापांत आणावयाचें.

परंतु आंकड्यांपेक्षांही महत्त्वाचा बदल मोजणीच्या घटकांत झाला. मर्यादा व्यक्तीस न लावतां ‘कुटुंब घटका’स लावण्यांत आली. पति, पत्नी, अज्ञान मुलगे व अज्ञान अविवाहित मुली मिळून हा घटक होतो. त्या सर्वांच्या नांवची जमीन एकत्र धरावयाची. घटकांत पांचांहून अधिक माणसें असल्यास प्रत्येक अधिक माणसामागें मर्यादेचा पांचवा हिस्सा वाढवून मिळे, मात्र एकंदर धारणा मर्यादेच्या दुपटीपलीकडे जातां कामा नये. सज्ञान मुलगा या घटकांत धरला जात नाहीं. शिवाय २६ सप्टेंबर १९७० नंतर जमीन विकली वा वांटून दिली असेल, तर ती कायदा चुकविण्यासाठींच दिली असें धरून हिशेबांत परत घेतली जाई, व तसें नव्हतें हें सिद्ध करण्याचा भार खातेदारावर असे.

हें गणित प्रत्यक्ष कसें उतरतें तें एका कल्पित घरावरून दाखवितों. समजा, अंबड तालुक्यांत गोदेच्या अंगास एक शेतकरी आहे. त्याच्या नांवें ३० एकर जिरायत व ६ एकर बारमाही पाण्याची जमीन आहे. बारमाहीचे ६ एकर म्हणजे जिरायतीचे १८, तेव्हां त्याची एकूण धारणा ४८ एकर झाली. त्याच्या पत्नीस माहेरकडून २० एकर जिरायत मिळाली असून ती तिच्याच नांवें आहे. त्यांस तीन अज्ञान मुलें आहेत. व्यक्ति म्हणून पाहिलें तर पति ५४ एकरांच्या आंत आहे, पत्नी तर पुष्कळच आंत आहे, आणि दोघांपैकीं कोणाच्याही जमिनीस धक्का लागत नाहीं. कुटुंब घटक म्हणून पाहिलें तर ४८ व २० मिळून ६८ एकर होतात, आणि ५४ वजा जातां १४ एकर अतिरिक्त ठरून सरकारजमा होतात. याच घरांत तीन मुलांऐवजीं पांच अज्ञान मुलें असतीं, तर माणसें सात होऊन मर्यादा पंचमांशाच्या हिशेबानें २१.६ एकरांनीं वाढली असती, म्हणजे ७५.६ एकर झाली असती, व एक एकरही गेला नसता. यावरून तक्रार कोठें होती तें उघड होतें. सरकारचें म्हणणें असें कीं, घर एकत्र कसतें व एकत्र खातें, तेव्हां नांवें वेगळीं लावून मर्यादा चुकविण्याची वाट बंद केल्यावांचून भूमिहीनास वांटण्यास जमीन हातीं येणार नाहीं. पत्नीचें म्हणणें असें कीं, माझी जमीन माझी. ती नवऱ्याच्या हिशेबांत कां?

कायद्याच्या भाषेंत हीच तक्रार अशी मांडण्यांत आली. ‘३१ क’ या अनुच्छेदास १९६४ सालीं एक परंतुक जोडलें गेलें होतें. जो मनुष्य स्वतः जमीन कसतो, त्याची त्याला लागू असलेल्या कमाल मर्यादेच्या आंतली जमीन बाजारभावाहून कमी भरपाई देऊन घेतां येणार नाहीं, असें तें सांगतें. पत्नीचे २० एकर तर मर्यादेच्या आंतले; ते बाजारभावावांचून घेणें म्हणजे या परंतुकाचा भंग, असा हा युक्तिवाद होय. मुंबई उच्च न्यायालयाकडे अडीच हजारांहून अधिक अर्ज गेले. १३ ऑगस्ट १९७६ रोजीं नागपूर येथें बसलेल्या खंडपीठानें विठ्ठलराव उत्तरवार यांच्या अर्जावरील निकालांत ते सर्व फेटाळले. कायदे नवव्या अनुसूचींत आहेत, आणि आणीबाणी चालू असल्यामुळें समतेचा व मालमत्तेचा हक्क न्यायालयांत मागतांही येत नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. पहिल्या घटनादुरुस्तीनें घटनेच्या मूळ चौकटीस इजा न होतां उलट बळकटीच आली, असेंही त्या निकालांत म्हटलें आहे.

अपिलें दिल्लीस गेलीं व २७ जानेवारी १९७७ रोजीं दत्तात्रय गोविंद महाजन यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या निकालानें तींही फेटाळण्यांत आलीं. त्यांत परंतुकाचा भंग एवढाच मुद्दा होता. न्यायालयानें म्हटलें कीं, भंग झाला असें धरलें तरी नववी अनुसूची कायद्यास वांचविते. आणि मुळांत भंग झालेलाच नाहीं. शेतीची पुनर्रचना कोणत्या घटकावर करावी हें ठरविणें विधिमंडळाचें काम. न्यायालयानें अर्थशास्त्राचा सल्लागार होऊं नये. निकालाचें हें उत्तरार्ध वाचकानें लक्षांत ठेवावें. येथें न्यायालय मार्गदर्शक तत्त्वास हक्कावर चढवीत नाहीं. तत्त्व अंमलांत आणण्याची रीत निवडण्यास विधिमंडळास मोकळीक देतें, एवढेंच.

परंतु हा निकाल आणीबाणींतला होता, व त्यामुळें तो अपुरा होता. ज्याच्या हक्काचा दरवाजाच बंद आहे त्याचें गाऱ्हाणें फेटाळणें आणि त्याचा हक्क व समाजाचें हित यांचा मेळ घालणें, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आणीबाणी उठल्यावर अर्जदारांनीं हेंच म्हणून पुनर्विचाराची मागणी केली व नवे अर्जही आले. तोंपर्यंत मधल्या काळांत घटनेंत काय उलथापालथ झाली होती, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

१९६७ च्या गोलकनाथ खटल्यांत संसदेस मूलभूत हक्क कमी करतां येणार नाहींत असें ठरलें. त्यास उत्तर म्हणून १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनें ‘३१ ग’ हा अनुच्छेद आला. एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाच्या ‘ख’ व ‘ग’ खंडांस अनुसरून केलेला कायदा समतेच्या, स्वातंत्र्याच्या वा मालमत्तेच्या हक्कास विरोधी म्हणून रद्द होणार नाहीं, हा त्याचा पहिला भाग. कायदा त्या हेतूनें केला असें त्यांत नुसतें घोषित असेल तर न्यायालयानें त्याची चौकशीही करूं नये, हा दुसरा भाग. २४ एप्रिल १९७३ रोजीं केशवानंद भारती यांच्या खटल्यांत तेरा न्यायाधीशांपैकीं सातांच्या मतानें ठरलें कीं, संसद घटनेचें कोणतेंही कलम बदलूं शकते, मात्र घटनेची मूळ चौकट मोडूं शकत नाहीं. ‘३१ ग’चा पहिला भाग टिकला, दुसरा पडला. म्हणजे खरोखरीच जमीनवांटणीसाठीं कायदा असेल तर त्यास कवच मिळेल. तो तसा आहे कीं नाहीं हें मात्र न्यायालय पाहील. पुढें आणीबाणींत बेचाळिसाव्या दुरुस्तीनें हें कवच चौथ्या प्रकरणांतील यच्चयावत् तत्त्वांस देऊन टाकलें. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क तिसऱ्या प्रकरणांतून काढण्यांत आला. २० जून १९७९ पासून तो केवळ कायद्याचा हक्क राहिला.

९ मे १९८० हा दिवस या इतिहासांतील निर्णायक दिवस म्हणावा लागेल. त्या दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें दोन वेगवेगळ्या खटल्यांत आपले आदेश जाहीर केले. कारणें मागाहून दिलीं. पहिला खटला बंगलोरच्या मिनर्वा गिरणीचा. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं बहुमताच्या वतीनें सांगितलें कीं, तिसऱ्या व चौथ्या प्रकरणांमधील समतोल हाच घटनेचा पाया आहे. एकास दुसऱ्यावर सर्वस्वीं स्वामित्व देणें म्हणजे तो पाया उखडणें होय. चौथें प्रकरण गांठावयाचें स्थान सांगतें, तिसरें प्रकरण कोणत्या मार्गानें जावयाचें तें सांगतें. या कारणास्तव बेचाळिसाव्या दुरुस्तीनें दिलेलें सरसकट कवच रद्द झालें. न्यायमूर्ति भगवती यांनीं या मुद्द्यावर भिन्न मत दिलें. चौथें प्रकरणही तितकेंच मूलभूत आहे, व त्यास कवच दिल्यानें चौकट मोडत नाहीं, असा त्यांचा पक्ष होता. तो पक्ष हरला, तरी अविचाराचा नव्हता. तत्त्वांस केवळ शोभेचें स्थान देऊं नये हा त्यांतील आग्रह पुढील निकालांत वारंवार उमटलेला दिसतो.

दुसरा खटला महाराष्ट्राचा, वामनराव यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला, त्याच सीलिंग कायद्याविषयींचा. त्याचीं कारणें १३ नोव्हेंबर १९८० रोजीं दिलीं गेलीं. येथील मुख्य प्रश्न असा होता कीं, ‘३१ क’ हा अनुच्छेदच घटनेच्या मूळ चौकटीस बाधक आहे काय? न्यायालयानें उत्तर दिलें कीं, नाहीं. शेतीच्या क्षेत्रांतील विषमता दूर करण्याकरितां पहिली दुरुस्ती झाली. तिनें समतेचा हक्क आक्रसला हें खरें, परंतु ज्या सामाजिक न्यायासाठीं घटना आहे, तोच त्या दुरुस्तीनें पुढें नेला. नवव्या अनुसूचीविषयीं मात्र न्यायालयानें एक तारीख आंखून दिली. २४ एप्रिल १९७३ पूर्वीं अनुसूचींत घातलेले कायदे सुरक्षित. त्यानंतर घातलेल्यांची मूळ चौकटीच्या कसोटीवर परीक्षा होऊं शकेल.

या तारखेचा अंबडच्या त्या घराशीं संबंध कसा येतो, हें बारकाईनें पाहिलें पाहिजे, कारण येथेंच पुष्कळ लेखकांची गफलत होते. १९६१ चा मूळ कायदा १९६४ सालीं अनुसूचींत गेला, तेव्हां तो तारखेच्या अलीकडे सुरक्षित राहिला. परंतु ५४ एकरांची मर्यादा व कुटुंब घटक आणणारे १९७५-७६ चे दुरुस्ती अधिनियम १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीनें अनुसूचींत आले, म्हणजे तारखेच्या पलीकडे. महाजन यांच्या निकालांत ज्या अनुसूचीवर भिस्त ठेवली होती, तिचें निर्विवाद संरक्षण या अधिनियमांस १९८० नंतर राहिलें नाहीं. ते टिकले ते ‘३१ क’ मुळें. हे शेतजमिनीच्या सुधारणेचे कायदे आहेत, आणि असा अनुच्छेद घटनेस बाधक नाहीं, या कारणानें. निकाल तोच राहिला, पण त्याचा आधार बदलला. पूर्वीं कायदा वांचला तो यादींत नांव होतें म्हणून. आतां तो वांचला तो त्यांतील हेतु घटनेशीं सुसंगत म्हणून. न्यायालयें मेळ घालावयास शिकलीं असें आम्हीं म्हणतों, तें याच अर्थानें.

यापुढें कोणत्याही जमीनविषयक कायद्याची वैधता पाहणाऱ्यानें तीन प्रश्न क्रमानें विचारावे. तो अनुसूचींत आहे काय, व असल्यास कोणत्या तारखेस गेला? तो ‘३१ क’मधील शेतीसुधारणेच्या वर्णनांत बसतो काय? आणि नसल्यास, एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाच्या ‘ख’ वा ‘ग’ खंडाशीं त्याचा खराखुरा संबंध आहे, कीं नुसती घोषणा आहे? २००७ सालीं कोएल्हो यांच्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं तारखेचा नियम कायम केला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं मुंबईच्या घरमालकांच्या संघटनेच्या खटल्यांत पुन्हां नऊ न्यायाधीश बसले. ‘३१ ग’चा केशवानंद खटल्यांत टिकलेला भाग अद्याप जिवंत आहे असें त्यांनीं एकमतानें सांगितलें. मात्र प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ति’ होत नाहीं, असें बहुमतानें ठरलें. तो बहुमताचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड हे १९८० च्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव, हा योगायोगही नोंदण्यासारखा आहे.

मालमत्तेच्या क्षेत्राबाहेर हा मेळ आणखी एका रीतीनें घडला. १० जुलै १९८५ रोजीं मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यांत, उपजीविकेचीं पुरेशीं साधनें व काम मिळण्याविषयींच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन न्यायालयानें जीविताच्या हक्कांत उपजीविकेचाही समावेश होतो असें म्हटलें. येथें तत्त्व हें हक्काच्या विरुद्ध ढाल म्हणून न वापरतां, हक्कास अर्थ देणारें म्हणून वापरलें आहे. त्या खटल्यांतही पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मात्र न्यायालयानें मान्यच केला. हक्काची व्याख्या रुंदावली म्हणून त्या दिवशीं कोणाची झोपडी वांचलीच असें नाहीं, हें विसरून चालणार नाहीं.

आतां शेवटीं आमच्या कल्पित घरांतील त्या पत्नीकडे परत येऊं. घटनेच्या दोन प्रकरणांचा मेळ बसला, परंतु तो तिच्या २० एकरांस हिशेबांत धरून बसला. उत्तर प्रदेशच्या सीलिंग कायद्याविरुद्ध स्त्रियांस असमान वागणूक मिळते असा आक्षेप अंबिकाप्रसाद मिश्र यांच्या खटल्यांत त्याच १९८० सालीं घेतला गेला होता. तोही न्यायालयानें मान्य केला नाहीं. कुटुंब हाच घटक धरावयाचा तर पत्नीचें स्वतंत्र स्वामित्व त्या हिशेबापुरतें विरघळतें, आणि ती ज्या समतेच्या हक्काचा आधार घेईल, त्याचा दरवाजा ‘३१ क’नें लाविलेला आहे. उलट बाजूस, अतिरिक्त ठरलेल्या १४ एकरांवर ज्या भूमिहीनाचें नांव चढावयाचें, त्याच्याजवळ न्यायालयांत नेण्यासारखा कोणताच हक्क नव्हता. त्याच्या बाजूनें होतें तें केवळ एक मार्गदर्शक तत्त्व, जें कोणासही न्यायालयांत मागतां येत नाहीं. एकीकडे हक्क असून त्याची दाद नाहीं, दुसरीकडे गरज असून तिचा हक्क नाहीं. या दोहोंमधून कायद्यास वाट काढावी लागली.

म्हणून समतोल हा शब्द वापरतांना आम्हांस वाटतें कीं, तो एखाद्या तराजूच्या स्थिर कांट्याप्रमाणें समजूं नये. १९५१ मध्यें पारडें एकीकडे होतें, १९७६ मध्यें दुसरीकडे गेलें, व १९८० मध्यें तें मध्यावर आणण्यांत आलें. परंतु मध्यावर आणतांना कोणत्या पारड्यांत कोणाची जमीन पडली, हें निकालपत्रांत नसून गांवाच्या दप्तरांत आढळेल. जुनीं सीलिंगचीं विवरणपत्रें, अतिरिक्त जमीन ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांचे हुकूम व महसूल न्यायाधिकरणाचे निवाडे हे आमच्या मतें सनदांइतकेच संशोधनार्ह कागद आहेत. होळकरांच्या व निजामाच्या दप्तरांतून अंबडचा इतिहास ज्या चिकाटीनें शोधला जातो, त्याच चिकाटीनें या कागदांकडे कोणी वळेल, तर घटनेचीं हीं दोन प्रकरणें एका तालुक्याच्या शिवारांत एकत्र कशीं नांदलीं, हें आंकड्यांनिशीं सांगतां येईल.